इंग्रजी अक्षरांतला मजकूर

उस्मानपुऱ्यातलं माझं टायपिंगचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता तिथं मोबाइलचे कव्हर विकतात. त्या रस्त्यानं गेलं की मी मुद्दाम मान दुसरीकडं वळवते, आणि तरी बघतेच. जेमतेम एका खाटेएवढी जागा. त्यात एक संगणक, एक प्रिंटर, दोन खुर्च्या आणि पाण्यानं भरलेले चार कॅन. कॅन यासाठी की त्या वर्षांत नळाला पाणी कधी यायचं ते नळालाच ठाऊक. दुष्काळ होता. आणि तिकडं शहर मात्र भराभर पसरत होतं, रोज कुठल्या तरी प्लॉटिंगचा बोर्ड करायला यायचा. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. लेटरहेडवर तेच टाकून टाकून माझी बोटं इतकी सरावली होती, की दुकान बंद झाल्यावर पुढं नाव बदललं, तरी पत्ता लिहिताना चार महिने मी चुकतच राहिले.

घर बजाजनगरात. नवरा वाळूजच्या कंपनीत. सकाळी मी सहा आसनी रिक्षात कोंबून घेऊन उस्मानपुऱ्याला यायचे आणि दिवसभर लोकांचे मजकूर टाइप करायचे. लग्नपत्रिका, दशक्रियेचे कार्ड, हॉटेलचे मेनू, अर्ज, बॅनर. पूर्वी लोक कागदावर लिहून आणायचे. अक्षर कोंबडीचे पाय, पण मराठी असायचं. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि मजकूर मोबाइलवर यायला लागला, तोही इंग्रजी अक्षरांत. मराठीच बरं का, पण इंग्रजी एबीसीडीत कोंबलेली. मला लई राग यायचा. तुमच्या मोबाइलमध्ये मराठी अक्षरं आहेत, ती शोधायचे कष्ट तुम्ही घेणार नाही, आणि तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मी इथं बसून ओळखायचं.

आता राग शांत झाला म्हणून नीट सांगते, भानगड काय व्हायची. आपल्याकडं त आणि ट वेगळे, द आणि ड वेगळे, न आणि ण, ल आणि ळ वेगळे. इंग्रजीत त्या प्रत्येक जोडीला एकच अक्षर. अ आणि आ यांनाही बिचारं एकच a. म्हणजे कुणी kal लिहिलं तर तो काल असंल, काळ असंल, नाहीतर पोटातली कळसुद्धा असंल. अनुस्वाराला तर कुणी विचारतच नाही. आमच्याकडं निम्मी बोली त्या टिंबावर चालते, केलं, गेलं, आलं, आणि इंग्रजी लिहिताना ते टिंब कुठं जातं देव जाणे. त्यात लोक पूर्णविराम देत नाहीत, प्रश्नचिन्ह देत नाहीत, आणि एक वाक्य चार मेसेजमध्ये तोडून पाठवतात.

माझीही फजिती झाली होतीच. एकदा mendi vikne ahe असा मजकूर आला, मी छान मेंदी काढलेल्या हाताचं चित्र टाकून जाहिरात करून दिली. गिऱ्हाईक कन्नड तालुक्याकडचं, धनगराचं. त्याला मेंढी विकायची होती. तो बिचारा हसला तरी. तलावातला गाळ काढायच्या कार्यक्रमाचा बॅनर gal म्हणून आला, तेव्हा मात्र मी शहाणी झाले होते. अशा वेळी वाक्यात आजूबाजूला काय आहे ते बघायचं, तलाव असला की गाळ. पण माणसाच्या नावाच्या आजूबाजूला काही नसतं. गावाच्या नावाच्याही नसतं.

म्हणून मी दुकानाचा एक रिवाज ठेवला होता. मजकूर टाइप झाला की गिऱ्हाइकाला फोन लावायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचा. डोळा मनातलं वाचतो, कानाला तसं करता येत नाही. शेजारचा झेरॉक्सवाला वैतागायचा, म्हणायचा, ताई, दिवसभर तुमच्याकडं लग्न लागल्यासारखं वाटतं. पण वर्षानुवर्षं माझी पत्रिका परत आली नाही, याचा मला गर्व होता. चांगलाच होता.

तो एकदाच उतरला, ती ही गोष्ट.

लग्नसराईचे दिवस. टंचाईमुळं लोकांनी लग्नं आटोपशीर केली होती, त्यामुळं छापील पत्रिका कमी झाल्या आणि मोबाइलवर पाठवायचं चित्र करून द्या म्हणणारे वाढले. देवगाव रंगारीच्या बाजूच्या एका धनगर कुटुंबातल्या मुलीचं लग्न होतं. मजकूर पाठवला मुलीच्या चुलत्यानं. तो बजाजनगरातच राहायचा, कंपनीत कामाला. सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांत, बारा-तेरा तुकड्यांत. त्यात आजोबांच्या नावाआधी त्यानं स्वतःच kai लिहिलं होतं. म्हणजे कैलासवासी, आपण पत्रिकेत वारलेल्या माणसाच्या नावाआधी कै. लिहितो आणि हयात असलेल्याच्या आधी श्री., तसं. त्याच्या खालच्या तुकड्यात मुलीच्या वडिलांचं नाव होतं आणि पुढं एवढंच होतं, navaagodar kai lihaycha.

तो विचारत होता, नावाअगोदर काय लिहायचं. मी वाचलं, कै. लिहायचं. वरच आजोबांचा कै. बसलेला, प्रश्नचिन्ह नाही, आणि माझ्यासमोर तीन माणसं उभी. मी दोन अक्षरं टाकली आणि पुढं गेले.

चूक इथंच थांबली असती. पण त्या दिवशी मी फोन लावला नाही. चुलता फर्स्ट शिफ्टला होता, कंपनीत मोबाइल बाहेर जमा करावा लागायचा, आणि मला घाई. मी चित्र पाठवून दिलं आणि खाली लिहिलं, बघून घ्या. शिफ्ट सुटल्यावर त्यानं अंगठा पाठवला. मागाहून कळलं, त्यानं फक्त तारीख आणि स्वतःचं नाव बघितलं होतं. तेवढं बघून त्यानं पत्रिका नातेवाइकांच्या चार-पाच ग्रुपवर सोडूनही दिली. पत्रिकेच्या तळाशी, नेहमीप्रमाणं, माझ्या दुकानाचा नंबर होता.

तिसऱ्या दिवशी मुलीची आई दुकानात आली.

पहाटेच्या एसटीनं आली असणार, पदराला धूळ होती. चाळिशीची बाई, कपाळावर मोठं कुंकू, हातात हिरवा चुडा. आधी पाणी मागितलं. मी कॅनमधून तांब्या भरून दिला, तो तिनं वरून, एक थेंब न सांडता प्यायला. मग पिशवीतून मोबाइल काढून ती पत्रिका उघडली आणि बोट बरोबर त्या दोन अक्षरांवर ठेवलं.

"हे कुणी लिहिलं, ताई?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. माझा स्वभाव असा की कुणी माझ्या कामाला बोट लावलं की आधी माझंच डोकं फिरतं. मी म्हटलं, तुमच्या दिरानंच लिहून पाठवलंय, माझ्या मनानं मी एक अक्षर टाकत नाही, हे बघा. आणि तडातडा मेसेज उघडून तिच्यापुढं धरला.

तिनं बघितलं. म्हणाली, तिला मराठी वाचता येतं, हे इंग्रजी वाचता येत नाही, तर मीच वाचून दाखवावं. मी वाचायला लागले, मोठ्यानं, जरा ठसक्यातच. पहिल्या तुकड्यापासून. आजोबांच्या नावापर्यंत माझा ठसका टिकला. पुढचा तुकडा तोंडातून बाहेर पडताना माझं मलाच ऐकू आलं. नावाअगोदर काय लिहायचं. हा तर प्रश्न होता. मी तिथंच थांबले. झेरॉक्सचं मशीन चालू होतं, ते तेवढं ऐकू येत होतं.

बाईला माझ्याआधी कळलं होतं. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ त्या मेसेजकडं बघत राहिली, वाचता येत नव्हता तरी.

"मला नाय विचारलं त्यानं," ती म्हणाली. "घरात कुणीच नाय विचारलं मला. तुम्हाला विचारलं."

मग तिनं जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मी इथं जोडून लिहिते. दोन उन्हाळ्यांपूर्वी गावाकडं चारा संपला, विहिरी आटल्या. नवरा मेंढरं घेऊन वऱ्हाडाकडं गेला. दरवर्षीच जायचे, त्यात नवल काही नव्हतं. पाऊस पडला की परत यायचे. त्या वर्षी पाऊस नावापुरता पडला आणि तो आला नाही. पहिले काही महिने कुणाकुणाच्या मोबाइलवरून निरोप यायचे, मग तेही थांबले. बरोबर गेलेल्यांपैकी एकानं सांगितलं, मेंढरांत रोग शिरला, निम्मी वाटेतच गेली, आणि त्यानंतर हा एकटाच कुठंतरी निघून गेला. तो गेलाच असणार, असं भावकीतले आता हळू आवाजात बोलायला लागले होते. तिच्यासमोर कुणी काही बोलायचं नाही, पण हळदीकुंकवाला बोलावताना बायका एकमेकींकडं बघायच्या. आणि आता लग्न ठरलं होतं. पत्रिकेत बापाचं नाव टाकावं लागणार, आणि नावाआधी दोनांपैकी एक काहीतरी लिहावंच लागणार. चुलत्याला ते ठरवता येईना आणि वहिनीला विचारायची छाती होईना. म्हणून त्यानं एका परक्या टायपिंगवालीला विचारून टाकलं, तेही अशा अक्षरांत. आणि त्या टायपिंगवालीनं उत्तर देऊन टाकलं.

मला रडू आलं. दुकानात गिऱ्हाइकापुढं मी कधी रडले नव्हते. मी म्हटलं, चुकलं माझं. फोन लावून वाचून दाखवायला पाहिजे होतं, दरवेळी दाखवते, याच वेळी नाही दाखवलं. ती रागावली नाही. पत्रिका बदलता येते का, एवढंच विचारलं.

मी फाइल उघडली. ती माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. मी कै. पुसलं आणि नावाआधीची ती रिकामी जागा पडद्यावर तशीच ठेवून तिला विचारलं, काय लिहू. यावेळी तोंडानं विचारलं, आणि तिलाच विचारलं.

"श्री. लिहा," ती म्हणाली. "ठळक लिहा."

मी लिहिलं. तिनं वाकून वाचलं. मग मी अख्खी पत्रिका तिला मोठ्यानं वाचून दाखवली, झेरॉक्सवाल्यानंही मशीन बंद केलं होतं. नवीन चित्र मी लगेच चुलत्याला पाठवलं आणि त्याची शिफ्ट सुटल्यावर फोनही केला. आधीचं काढून टाका म्हटलं. त्यानं प्रयत्न केला, पण गेलेलं चित्र लोकांनी पुढं पाठवलेलं होतं. ते कुठं कुठं फिरतंय याचा हिशेब कुणालाच लागणार नव्हता. शेवटी तो एवढंच म्हणाला, मॅडम, मी नुसतं विचारलं होतं हो.

त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात भिंतीवर एक कागद चिकटवला. मजकूर मराठी अक्षरांत पाठवा. मोबाइलमध्ये मराठी कसं चालू करायचं ते मी पाच मिनिटांत शिकवते, फुकट. ज्यांना नाहीच जमत त्यांनी बोलून पाठवा, आवाज रेकॉर्ड करून, मला चालतो. आणि ज्यांना इंग्रजी अक्षरंच पाहिजेत, त्यांनी आ साठी aa लिहावं, ट, ड, ण, ळ साठी मोठं अक्षर वापरावं, एका मेसेजात एकच गोष्ट लिहावी, आणि प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह द्यावं. प्रश्नचिन्हाखाली मी लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या. तारखेबरोबर वार लिहा, वेळ लिहिताना सकाळ-संध्याकाळ लिहा, असंही होतं. मोठ्या अक्षराची युक्ती फारशी चालली नाही, कारण मोबाइल वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि मग तिथं ट आहे की त हे पुन्हा माझ्याच डोक्यावर. मराठी कीबोर्डवरही इंग्रजी अक्षरांत लिहिलं की तो तीन-चार शब्द पुढं करतो आणि लोक न बघता पहिला निवडतात. पण निदान काय निवडलं ते डोळ्यांपुढं मराठीत दिसतं. बघणाऱ्याला दिसतं.

बरेच जण शिकले. बजाजनगरातल्या बाया तर एकमेकींना शिकवायला लागल्या. एक आजीबाई रोज सकाळी मला मराठीत सुप्रभात पाठवायच्या, प्रत्येक वेळी प्रश्नचिन्ह देऊन. मला ते दिवस आठवले की अजून हसू येतं.

लग्नाला आठवडा राहिला होता तेव्हा दुकानात एक फोन आला. अनोळखी नंबर. दुपारची वेळ, लाइट गेलेली, मी कागदानं वारा घेत बसले होते. पलीकडं वारा जोरात वाहत होता आणि कुत्रं भुंकत होतं. एक पुरुष. आधी त्यानं विचारलं, ही पत्रिका तुमच्याकडंच केली का. कुठली, मी विचारलं. त्यानं मुलीचं नाव सांगितलं. कुणाच्या तरी मोबाइलवर बघितली म्हणाला.

कुठली पत्रिका त्याच्यापर्यंत पोचली असणार ते मला तेव्हाच कळलं.

"ताई, एकच सांगा," तो म्हणाला. "माझ्या नावाआधी ते लिहायला तिनं सांगितलं का?"

मी म्हटलं, नाही. म्हटलं, ते मी लिहिलं, चूक माझी, तुमच्या भावानं विचारलं होतं आणि मी वाचण्यात घोटाळा केला. तुमच्या घरातल्या कुणीच ते लिहायला सांगितलं नाही. मी भराभर बोलत होते, फोन कट होईल या भीतीनं. म्हटलं, वहिनी स्वतः इथं आल्या होत्या, पहाटेची एसटी धरून. माझ्या मागं उभं राहून त्यांनी श्री. लिहून घेतलं. ठळक लिहायला लावलं. नवी पत्रिका मी आत्ता याच नंबरवर पाठवते.

पलीकडून त्याचं रडणं ऐकू आलं, पुरुष माणूस फोन तोंडापासून लांब धरून रडतो तसं. मी फोन ठेवला नाही. मग तो बोलायला लागला. म्हणाला, मेंढरं एक राहिलं नाही, ताई. मोकळ्या हातानं घरी कसं जायचं म्हणून इथंच लोकांच्या रानात राबत बसलो. मग पत्रिका बघितली आणि वाटलं, त्यांनी माझ्यातून सोडवून घेतलं स्वतःला, बरंच झालं.

"तिच्या कपाळाला कुंकू होतं का?" त्यानं विचारलं.

होतं म्हटलं. मोठं होतं.

परत वारा, परत कुत्रं. आणि मग त्या माणसानं मला, ज्या बाईनं त्याला दोन अक्षरांत मारून टाकलं होतं तिला, एखाद्या वडीलधाऱ्याला विचारावं तसं अदबीनं विचारलं:

"मग मी आलो तर चालंल का?"

मी म्हटलं, या. हळदीच्या आधी या.